बावीस पोत्यांची शिवण

अकोल्याच्या वितरकाने मला बनावट मिश्रखत विकलं, आणि तेच खत मी गुरुजींना विकलं. त्याने मला जाणूनबुजून फसवलं. मी गुरुजींना न बघता फसवलं. परवाना माझा रद्द झाला. त्याचा नाही, कारखान्याचाही नाही.

माझं कृषी केंद्र भातकुली तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात होतं. 'होतं' लिहिताना अजूनही दात खाल्ले जातात. वयाच्या विसाव्या वर्षी मी अकोल्याच्या मालधक्क्यावर खताची पोती पाठीवर वाहत होतो. पन्नास किलोचं पोतं खांद्यावर टाकलं की आतला माल ओला की कोरडा, दाणा की भुकटी, हे मला न उघडता कळायचं. तिथून हमालाचा मुकादम, मुकादमाचा दुसऱ्याच्या दुकानातला विक्रेता आणि मग स्वतःचं दुकान. हे सगळं मी भाव करून मिळवलं. पहिला पंखासुद्धा मी तीन दुकानं फिरून, दोन भांडणं करून घेतला होता. माझ्याशी सौदा करणं म्हणजे दाभणाने कान टोचून घेणं आहे, असं वितरकाचा मुनीम म्हणायचा. मला ते कौतुक वाटायचं.

त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर डीएपी खत मिळेना. वितरकाकडे होतं, पण त्याची अट होती: डीएपीची जितकी पोती, तितकीच अठरा-अठरा-दहाची घ्यायची. या पद्धतीला आमच्या धंद्यात लिंकिंग म्हणतात. कायद्यात ते बसत नाही आणि बाजारात त्याच्याशिवाय चालत नाही. हे अठरा-अठरा-दहा म्हणजे दाणेदार मिश्रखत. शंभर किलोत अठरा किलो नत्र, अठरा किलो स्फुरद, दहा किलो पालाश असलं पाहिजे, असं पोत्यावर छापलेलं असतं. कारखान्याचं नाव मी आधी ऐकलं नव्हतं. डीएपीच्या चाळीस पोत्यांवर तो चाळीस लावत होता. मी दोन तास बसून तीस केली आणि विजय मिळवल्यासारखा बसमध्ये चढलो. खताची पोती मी कमी केली, पण खत बघितलं नाही.

डीएपीचं प्रत्येक पोतं शेतकऱ्याचा अंगठा घेऊन यंत्रावर विकावं लागतं, कारण त्यावर सरकारचं अनुदान असतं. वरून खाली त्याचा हिशेब दिसतो. या मिश्रखताला अनुदान नाही, यंत्र नाही. बिल आणि पोत्यावरचा बॅच नंबर, एवढाच त्याचा माग. हे मला माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवली नाही, एवढंच.

तीसपैकी आठ पोती विकली. त्यातली तीन गुरुजींनी नेली, बाकी पाच इतरांनी नेऊन लगेच वावरात टाकली. गुरुजी म्हणजे शेजारच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक. बापाने छप्पनच्या दीक्षेनंतर पोराला शाळेत घातलं, पोराने अर्धं गाव शिकवलं आणि निवृत्तीनंतर बापाचं सहा एकर वावर हातात घेतलं. उधार कधी मागितलं नाही आणि वहीत लिहिल्याशिवाय काही टाकलं नाही. कोणत्या ओळीला कोणतं खत, किती मुठी, कोणत्या तारखेला, सगळं त्यांच्या वहीत असायचं. दोन पोती त्यांनी पराटीला, म्हणजे कपाशीला, पहिल्या हप्त्यात टाकली. तिसरं दुसऱ्या हप्त्यासाठी घरात ठेवलं.

तीन आठवड्यांनी ते दुकानात आले. सोबत रुमालाची पुरचुंडी होती. त्यांनी काउंटरवर ती सोडली. आत काळी माती आणि मातीत खताचे दाणे. पाऊस चांगला झाला होता, तरी दाणे जसेच्या तसे. बुडाशी उकरून त्यांनी ते काढले होते.

"भाऊ, हे खत हाय का गोटे?" त्यांनी विचारलं. "पराटी पिवळी पडून रायली. डीएपी टाकलेल्या दोन ओळी हिरव्या हायेत, बाकी साऱ्या पिवळ्या."

मी नेहमीचं उत्तर दिलं. जमीन खारी आहे, पाणी साचलं असेल, आठ दिवस थांबा. हे उत्तर प्रत्येक दुकानदाराच्या जिभेवर तयार असतं. गुरुजींनी एक दाणा चिमटीत धरला, नखाने फोडला आणि माझ्या समोर ठेवला. बाहेरून करडा तपकिरी, आतून पांढुरकी माती.

ते गेल्यावर मी दुकानाचं अर्धं शटर ओढलं. खत ओळखायच्या साध्या परीक्षा आम्हाला सगळ्यांना येतात, करत कोणी नाही. डीएपीचे दाणे चुन्यासोबत तळहातावर तंबाखूसारखे मळले की नाकात झिणझिणतो असा वास सुटतो. तो अमोनियाचा. चांगल्या अठरा-अठरा-दहामध्येही डीएपी असतं, त्यामुळे थोडा तरी वास यायलाच पाहिजे. मी खिशातली चुन्याची डबी काढली, गोदामातल्या एका पोत्याची शिवण कोपऱ्यात उसवली आणि चिमूटभर दाणे मळले. वास आला नाही. दुसऱ्या पोत्यातले मळले. काही नाही. मग पाण्याचे दोन पेले घेतले. एकात गेल्या वर्षीच्या दुसऱ्या कारखान्याच्या उरलेल्या पोत्यातलं मिश्रखत, एकात हे. चांगल्या मालाचाही गाळ उरतो, पण वरचं पाणी खारट-कडू होतं आणि गाळ थोडा असतो. या पेल्यात बोटभर चिखल बसला आणि वरचं पाणी जवळपास नुसतं पाणी.

इथे मी थांबलो असतो तर आज हे लिहीत बसलो नसतो. पण माझं डोकं फिरलं. मला वाटलं, दोन पोती खराब निघाली, पण बावीसच्या बावीस खराब आहेत हे सिद्ध केलं तर वितरक काय तोंड दाखवेल. मी एकेक पोतं आडवं पाडून शिवण फाडली. प्रत्येकातून मूठ काढली, चुन्यात मळली. बाविसाव्या पोत्यापर्यंत तळहात सोलला होता आणि वास एकाही पोत्याला आला नव्हता. हवेत ओल होती. उघडी पोती रात्रभर राहिली असती तर दगड झाली असती आणि वितरकाने परत घ्यायला नकार दिला असता. म्हणून मी दाभण आणि सुतळी घेतली आणि सगळी पोती हाताने नीट शिवली. हमालीच्या दिवसांत शिकलेलं काम. टाके इतके सरळ पडले की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

सकाळी मी वितरकाला फोन केला. आता खरं लिहितो, कारण खोटं लिहून हा कागद कोणाच्या कामाचा नाही. मी आधी कृषी खात्याला फोन केला नाही, वितरकाला केला. शिव्या घातल्या आणि मग सौदा केला. बावीस पोती परत घे, त्यांच्या जागी बावीस डीएपी दे, नाही तर नमुना घ्यायला लावतो, असं म्हणालो. मला वाटलं माझ्या हातात हुकुमाचं पान आहे. तो शांत होता. म्हणाला, गाडी पाठवतो, दोन दिवस द्या सेठ. त्याने मला सेठ म्हटलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्याआधी कधीही त्याने मला सेठ म्हटलं नव्हतं.

दोन दिवस मी गाडीची वाट बघितली. गाडी निघाली होती, पण माझ्याकडे नाही. त्या दोन दिवसांत त्याने बार्शीटाकळीपासून आमच्या तालुक्यापर्यंत तीच बॅच दिलेल्या प्रत्येक दुकानातून शिल्लक माल उचलला. हे मला नंतर ओळखीच्या दोन दुकानदारांनी सांगितलं. त्यांना त्याने बदली माल दिला होता आणि त्यांनी लेखी काही द्यायला नकार दिला. तिसऱ्या दिवशी वितरकाने माझा फोन घेणं बंद केलं.

तेव्हा मी पंचायत समितीच्या कृषी अधिकारी मॅडमना फोन केला. गुणनियंत्रणाचं काम त्यांच्याकडे होतं. माझ्याच दुकानात नमुना घ्या, मीच अर्ज देतो, असं म्हणालो. त्या दुसऱ्या दिवशी आल्या. सोबत पंच म्हणून बसस्टँडवरचा चहावाला आणि गावचा कोतवाल. मॅडम वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण कामात सावकाश आणि पक्क्या. त्यांनी आधी पोती मोजली, मग बॅच नंबर वाचले, मग वाकून शिवणीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"भाऊ, ही शिवण कोणाची?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं, हे मला आज आठवतं तेव्हा स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं.

त्या खुर्चीवर बसल्या. कारखान्याची शिवण दुहेरी दोऱ्याची, साखळीसारखी, यंत्राची असते. ती शाबूत असेल तरच आतला माल कारखान्याचा धरतात. म्हणूनच नियमात नमुना बंद पोत्यातून, लांब पोकळ नळी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी खुपसून काढायचा असतो. शिवण उसवायची गरजच नसते. एकदा ती उसवली की आतल्या मालाची जबाबदारी उसवणाऱ्याची. त्यांनी हे मला समजावून सांगितलं आणि मग म्हणाल्या, "एक पोतं जरी शिल्लक ठेवलं असतं ना, तर मी तुमच्यासाठी नाही, त्या कारखान्यासाठी आले असते."

"मी चोरी पकडून देऊन रायलो मॅडम, अन् तुमी मलेच चोर म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. जे दिसतं ते लिहिते. नमुना घेतला तर तो तुमच्या दुकानाचा नमुना होईल. विचार करा."

माझ्या जागी दुसरा असता तर त्याने विचार केला असता. मी म्हणालो, घ्या. बावीस पोत्यांच्या साठ्यातून दोन पोती निवडायची असतात. त्यांनी निवडली, आडवी केली, नळी तिरपी घातली आणि दाणे स्वच्छ कापडावर ओतले. ते मिसळून सपाट केले, चार भाग केले, समोरासमोरचे दोन काढून टाकले, उरलेले पुन्हा मिसळले. असं करत करत जे राहिलं त्याचे सारखे तीन भाग झाले. तीन पिशव्या, प्रत्येकात सह्यांची चिठ्ठी, वरून लाखेची मोहर. एक प्रयोगशाळेला, तिथे नाव नाही, फक्त सांकेतिक क्रमांक जातो. एक वरिष्ठ कार्यालयात राखीव. एक मला. फॉर्मवर पोत्यांच्या स्थितीचा रकाना असतो. त्यात त्यांनी लिहिलं: शिवण उसवून हाताने पुन्हा घातलेली. मला वाचून दाखवलं आणि सही मागितली. मी सही केली, कारण ते खरं होतं. बावीस पोत्यांवर विक्रीबंदीचा आदेश लागला.

अहवाल महिन्याभराने आला. नत्र अठराच्या जागी सात. स्फुरद अठराच्या जागी सहा. पालाश दहाच्या जागी चार. थोडी तूट नियमात माफ असते, पण ती अशी नसते. खाली ठसा: अप्रमाणित. मी तो कागद घेऊन गुरुजींकडे गेलो. माझं नाक बरोबर निघालं, हे सांगायला गेलो होतो.

गुरुजींनी अहवाल दोनदा वाचला. मग वहीत आकडे उतरवून घेतले. आत खोलीत लाकडी फळ्यांवर ते तिसरं पोतं होतं. त्यांनी ते वापरलं नव्हतं, उघडलंही नव्हतं. कारखान्याची दुहेरी शिवण जशीच्या तशी.

"तुमी चुना हुशारीनं मळला भाऊ," ते म्हणाले. "पण आमची पराटी पिवळी पडायची वाट पायली काहून? माल उतरला तेवाच मळला असता तर?"

मी तिथून निघालो तेव्हा त्यांनी पोत्यावर एक जुनी चादर टाकली, जसं आजारी माणसावर टाकतात.

मग कारणे दाखवा नोटीस आली, मला. कारखान्याला आणि वितरकालाही पत्रं गेली. कारखान्याने उत्तरासोबत त्या बॅचचा स्वतःच्या प्रयोगशाळेचा अहवाल जोडला: अठरा, अठरा, दहा, खाली रसायनतज्ज्ञाची सही. वितरकाने लिहिलं की हा माल आमच्याकडून बंद पोत्यांत गेला आणि दुकानात पोती उघडून भेसळ झाली. सोबत माझ्या शिवणीचे फोटो. ते फोटो मॅडमनी पंचनाम्यासाठी काढलेले होते, सरकारी फाइलीतले; पत्रासोबत त्याच्याकडे गेले होते. मॅडमनी काही चुकीचं केलं नाही. मला त्यांचा राग येतो आणि तो राग येऊ नये हेही कळतं, यासारखं दुसरं वाईट काही नाही.

परवाना आधी निलंबित झाला, ऐन हंगामात. मग रद्द झाला. मी अमरावतीला कृषी खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे अपील केलं. सुनावणीत मी विचारलं की बावीस पोती खत काढून बावीस पोती माती मी त्यात भरली असेन तर काढलेलं खत कुठे आहे? एका माणसाने ते किती तासांत केलं? आणि मी एवढा चोर असतो तर नमुना घ्यायला स्वतः अर्ज का दिला? कारखान्याचा वकील हसला. म्हणाला, साहेब, हे सौद्यासाठीच होतं. आमच्या वितरकाला यांनी नमुन्याची धमकी देऊन डीएपी मागितलं होतं, फोनचं रेकॉर्डिंग आहे. रेकॉर्डिंग लावलं. माझाच आवाज, माझ्याच शिव्या, माझाच भाव. खोलीत एक शिपाई होता, तोही खाली बघू लागला. राखीव नमुना पुन्हा तपासला गेला आणि तेच आकडे आले. माल खोटा आहे याबद्दल कोणाचंही दुमत नव्हतं. प्रश्न फक्त कोणाचा, एवढा होता, आणि त्याचं उत्तर माझ्या दाभणाने आधीच शिवून ठेवलं होतं.

अपील फेटाळलं. बायको म्हणाली, तुमी कमी बोलले असते तर. ती एवढंच म्हणाली आणि पुन्हा कधी म्हणाली नाही. दुकानाची जागा आता मोबाइलवाल्याकडे आहे. त्याच वितरकाची गाडी आजही रस्त्यावरून जाते. पुढच्या हंगामात तो डीएपीसोबत दुसऱ्या नावाचं मिश्रखत लावत होता, हे मला त्याच दोन दुकानदारांनी सांगितलं, आणि त्यांनी ते घेतलं. मी विचारलं, चुना लावून बघितला का? एक म्हणाला, तुम्ही बघितला ना, काय झालं?

तो मला हसला नव्हता. खरंच विचारत होता.

मी हमाल होतो तेव्हा मुकादम सांगायचा की पोतं फुटलं तर हमालाच्या मजुरीतून कापायचं. मोठेपणी मला वाटलं की आता मी पोतं वाहणारा नाही, विकणारा झालो. चुकीचं वाटलं. पोतं फुटलं की ते ज्याच्या हातात आहे त्याच्याच मजुरीतून कापतात.

पण एक पोतं फुटलेलं नाही. गुरुजींच्या घरात फळ्यांवर, चादरीखाली, त्याच कारखान्याचं, त्याच बॅचचं, कारखान्याच्या शिवणीसकट ते उभं आहे. मी त्याला हात लावलेला नाही. अपिलात मी त्याचं नाव काढलं होतं, पण ते फाइलीत नाही म्हणून कोणी ऐकलं नाही. गुरुजी मला त्याच्या जवळसुद्धा जाऊ देत नाहीत, आणि बरोबर करतात. माझ्या बिलावर त्यांचं नाव आहे, त्यांच्या वहीत तारीख आहे. खरेदी करणाऱ्याकडूनही नमुना घेता येतो, हे मी फॉर्मवर छापलेलं वाचलं आहे. मॅडमची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी या पोत्याची नोंद करून वर पत्र दिलं होतं, त्याची प्रत माझ्याकडे आहे. त्यानंतर मी तीन अर्ज दिले. तिन्हींवर आवक शिक्का आहे. नवीन साहेब म्हणाले, प्रकरण निकाली निघालं आहे.

माझं प्रकरण निकाली निघालं असेल. त्या पोत्याचं निघालेलं नाही. नळी घेऊन या, पंच घेऊन या, लाख घेऊन या. गुरुजी दार उघडतील, मी अंगणाच्या बाहेर उभा राहीन. आतून अठरा-अठरा-दहा निघालं तर मी चोर, हे मी स्वतः लिहून देतो. आणि सात, सहा, चार निघालं, तर त्या बॅचच्या अहवालाखाली ज्या रसायनतज्ज्ञाने सही केली, दोन दिवसांत ज्या वितरकाने दुकानं रिकामी केली आणि माझे तीन अर्ज ज्या साहेबाच्या टेबलावर थांबले, त्या तिघांनी पराटी पिवळी पडली त्या गुरुजींच्या वावरात उभं राहून सांगावं, ती माती त्या पोत्यात कोणी भरली.